गंधकाच्या मापावरून मॉड्युलस काढता येतो का? गम कंपाउंडचा एक हिशेब

प्रश्न: नैसर्गिक रबराचं बिनकाजळीचं कंपाउंड केलं आहे: रबर १००, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक ॲसिड २, ॲक्सिलरेटर सीबीएस ०.६, गंधक २.५ भाग, क्युअर १५० अंशांवर. गंधकाच्या एका अणूमागे एक क्रॉसलिंक धरून G = νRT या सूत्राने काढलं तर E जवळजवळ १०.७ मेगापास्कल येतो. टेन्साइल मशीन १०० टक्के मॉड्युलस ०.७५ मेगापास्कल दाखवतं आणि हार्डनेस ३८ शोअर ए आहे. सूत्र चुकीचं, मोजमाप चुकीचं, की माझा हिशेब?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे आणि तुमची दोन्ही मोजमापंही एकमेकांशी जुळतात. चूक आहे ती सूत्रात घातलेल्या ν मध्ये, म्हणजे दर घन सेंटिमीटरमधल्या जाळ्याच्या साखळ्यांच्या मोलसंख्येत. दुसरी अडचण अशी की तुम्ही ज्या दोन आकड्यांची तुलना करताय त्या दोन वेगळ्या राशी आहेत. आधी दुसरी अडचण सोडवतो, कारण ती निव्वळ शब्दाची आहे.

रबराच्या कारखान्यात ‘मॉड्युलस’ म्हणतात तो खरं तर ताण असतो. ‘१०० टक्के मॉड्युलस’ म्हणजे डम्बेल दुप्पट लांब केल्यावर, मूळ छेदाच्या क्षेत्रफळावर काढलेला ताण. तो E नव्हे. साध्या सिद्धांतात ताण आणि ताणणीचं नातं असं आहे:

```
σ = G (λ − 1/λ²)
E = 3G
```

इथे G म्हणजे शिअर मॉड्युलस, E म्हणजे यंग मॉड्युलस आणि λ म्हणजे ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी. λ = २ घातलं की कंसाची किंमत १.७५ येते, म्हणजे १०० टक्के मॉड्युलस १.७५G. E मात्र ३G. त्यामुळे ०.७५ च्या वाचनावरून साध्या सिद्धांताने G निघतो ०.४३ आणि E १.२९ मेगापास्कल. हार्डनेसवरून E काढायचं गेंट यांचं १९५८ चं सूत्र वापरलं तर ३८ शोअर एला साधारण १.६ मेगापास्कल मिळतात. १.२९ आणि १.६ यांतली तफावत खरी आहे, तिच्यामागे कारण आहे आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण १०.७ या दोन्हींपासून फार दूर आहे. तो कुठून आला ते आधी बघू.

गंधकाचा अणू म्हणजे क्रॉसलिंक नव्हे

तुमचा हिशेब मी पुन्हा केला. १०० ग्रॅम रबरात २.५ ग्रॅम गंधक म्हणजे ०.०७८ मोल अणू. रबराची घनता ०.९२ धरली तर दर घन सेंटिमीटरला ७.२ × १०⁻⁴ मोल. एका क्रॉसलिंकमध्ये साखळ्यांची चार टोकं भेटतात आणि प्रत्येक साखळीला दोन टोकं असतात, म्हणून साखळ्यांची संख्या क्रॉसलिंकच्या दुप्पट: १.४४ × १०⁻³. त्याला RT ने गुणलं की G येतो ३.५६ आणि E १०.७ मेगापास्कल. गणित अचूक आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजू बघा. दोन क्रॉसलिंकमधल्या साखळीचं मोलवजन, म्हणजे Mc, घनता भागिले ν, येतं फक्त ६४०. आयसोप्रीनच्या एका एककाचं वजन ६८, म्हणजे दोन गाठींमध्ये जेमतेम साडेनऊ एककं. एवढ्या आखूड तुकड्याला गोळा व्हायला आणि उलगडायला वावच राहत नाही. तसा पदार्थ हाताला चिवट चामड्यासारखा लागला असता आणि दुप्पट ताणण्याआधीच तुटला असता. तुमचा डम्बेल तर बहुधा ६०० टक्क्यांच्या पुढे गेला असेल. हा पडताळा नेहमी करत जा: ν मिळाला की Mc काढायचा, त्याला ६८ ने भागायचं आणि येणारी साखळी डोळ्यांसमोर आणायची.

उरलेला गंधक जातो कुठे? नेहमीच्या, म्हणजे जास्त गंधक आणि कमी ॲक्सिलरेटर असलेल्या पद्धतीत तो सुट्या अणूंनी पूल बांधत नाही. बरेचसे पूल पॉलिसल्फाइडचे असतात, एकेका पुलात अनेक अणू. काही गंधक एकाच साखळीला वळसा घालून वलय करतो. त्याला चक्रीय सल्फाइड म्हणतात आणि त्याने कोणतीच दुसरी साखळी जोडली जात नाही. काही गंधक ॲक्सिलरेटरचा तुकडा घेऊन साखळीला नुसता लटकत राहतो. थोडा झिंक सल्फाइड होतो. मलेशियन आणि ब्रिटिश रबर संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्याला यासाठी एक साधं मापच रूढ केलं: एका रासायनिक क्रॉसलिंकमागे किती गंधक-अणू खर्च झाले. ॲक्सिलरेटरशिवाय नुसता गंधक घातला तर हा आकडा चाळीस-पन्नासपर्यंत जातो. तुमच्यासारख्या नेहमीच्या पद्धतीत दहाच्या आसपास किंवा थोडा वर असतो. गंधक कमी आणि ॲक्सिलरेटर भरपूर, अशा ‘ईव्ही’ पद्धतीत तो बराच खाली येतो. म्हणूनच ईव्हीमध्ये अर्ध्याहून कमी गंधकात तितकाच मॉड्युलस मिळवता येतो.

एकूण काय, ν हा रेसिपीतून वाचता येत नाही. तो मोजावा लागतो. मोजायचे दोन स्वतंत्र रस्ते आहेत, आणि दोन्ही वापरल्याशिवाय मी स्वतः कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

पहिला रस्ता: टोल्युइनमध्ये फुगवून

तुमच्याच मापाच्या एका कंपाउंडचे आकडे माझ्या वहीत आहेत, तेच घेतो. दोन मिलिमीटर जाडीच्या क्युअर केलेल्या शीटचा ०.५०० ग्रॅमचा तुकडा बंद बाटलीत भरपूर टोल्युइनमध्ये ठेवला, २५ अंशांवर, अंधारात, तीन दिवस. टोल्युइन रोज बदलला. अंधार आणि ताजा टोल्युइन या दोन गोष्टी सोडू नका. उजेडात आणि हवेत फुगलेलं रबर हळूहळू तुटत जातं, मग वजन वाढतच राहतं आणि समतोल कधी आला ते कळत नाही. तुकडा बाहेर काढला की वरचा द्रव गाळणकागदाने एकदाच टिपायचा आणि लगेच बुचाच्या वजनबाटलीत टाकायचा. उघड्या ताटलीत वजन केलं तर काट्यावरचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत खाली सरकतो.

फुगलेलं वजन आलं २.३३ ग्रॅम. मग तो तुकडा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवला: ०.४८८ ग्रॅम. म्हणजे टोल्युइन १.८४२ ग्रॅम, आणि ०.८६२ घनतेने २.१३७ घन सेंटिमीटर. वाळलेल्या तुकड्यात झिंक ऑक्साइड अजून आहे. रेसिपीच्या प्रमाणात ते ०.०२३ ग्रॅम. ते वजा केलं की जाळ्यातलं रबर उरतं ०.४६५ ग्रॅम, आकारमान ०.५०५ घन सेंटिमीटर. फुगलेल्या अवस्थेत रबराचा आकारमानी वाटा φ = ०.५०५ ÷ २.६४२ = ०.१९१.

आता फ्लोरी आणि रेनर यांचं १९४३ चं समीकरण. द्रावकाला आत शिरायचं असतं, ताणल्या गेलेल्या साखळ्या त्याला बाहेर ढकलतात, आणि जिथे दोन्ही ओढी सारख्या होतात तिथे फुगणं थांबतं:

```
−[ln(1−φ) + φ + χφ²] = V1 ν (φ^(1/3) − φ/2)
```

V1 म्हणजे टोल्युइनचं मोलर आकारमान, १०६.९ घन सेंटिमीटर. χ म्हणजे रबर आणि टोल्युइन यांच्यातल्या सलगीचं माप. नैसर्गिक रबरासाठी साधारण ०.३९ धरतात. आकडे घातले:

```
ln(1−φ)        = −0.2121
φ              =  0.1911
χφ²            =  0.0142
डावी बाजू       =  0.00674
φ^(1/3) − φ/2  =  0.480
ν = 0.00674 / (106.9 × 0.480) = 1.31e-4 mol/cm³
```

Mc आलं ७०००, म्हणजे दोन गाठींमध्ये शंभरेक आयसोप्रीन एककं. हे रबरासारखं वाटतं. G = νRT = ०.३२५ मेगापास्कल. क्रॉसलिंक ν च्या निम्मे, आणि गंधकाच्या ७.२ × १०⁻⁴ मोलला त्याने भागलं की एका क्रॉसलिंकमागे ११ अणू. तुमच्या हिशेबात या जागी १ होता. मॉड्युलस अकरा पट फुगला तो इथेच.

पण या ११ ला फार कवटाळू नका. वरच्या कोष्टकात डाव्या बाजूला काय झालं ते बघा: ०.२१२ आणि ०.२०५ या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी होऊन ०.००६७ उरले. अशा वजाबाकीत बारीकशी चूकही मोठी होते. χ ०.३९ ऐवजी ०.४२ धरला, तर डावी बाजू ०.००५६ होते आणि ν सोळा टक्क्यांनी घसरतो. पुस्तकांमध्ये याच जोडीसाठी वेगवेगळे χ दिलेले सापडतात, म्हणून फुगवणीवरून काढलेल्या ν मध्ये पंधरा-वीस टक्के अनिश्चितता मी कायम धरून चालतो. एकाच प्रयोगशाळेत, एकाच χ ने, एका बॅचची दुसरीशी तुलना मात्र उत्तम होते. तिथे χ ची चूक दोन्हीकडे जवळजवळ सारखी पडते.

याहून मोठी चूक मी तरुण इंजिनियरांच्या वहीत वारंवार पाहतो, ती सांगतो. वरचं समीकरण ‘अफाइन’ चित्रावर उभं आहे: रबर ताणलं की गाठी बरोबर त्याच प्रमाणात सरकतात. दुसरं चित्र जेम्स आणि गुथ यांचं, ‘फँटम’. त्यात गाठी आपापल्या सरासरी जागेभोवती थरथरत राहतात आणि त्यामुळे जाळं मऊ होतं. चार टोकांच्या गाठीसाठी G निम्मा होतो, νRT/२. फँटम चित्रातल्या फुगवणीच्या समीकरणातही उजव्या बाजूला कंसाऐवजी φ^(1/3)/२ येतं. आमच्याच तुकड्यावर ते वापरलं तर ν येतो २.१९ × १०⁻⁴ आणि G = νRT/२ = ०.२७ मेगापास्कल.

म्हणजे कोणतंही एक चित्र शेवटपर्यंत धरलं, तर मॉड्युलस फारसा बदलत नाही: ०.३२५ किंवा ०.२७. पण Mc ७००० चा ४२०० होतो, आणि एका क्रॉसलिंकमागचे गंधक-अणू ११ चे साडेसहाच्या आसपास येतात. घोटाळा होतो तो मिसळल्यावर. ν फँटम समीकरणातून घेतला आणि G अफाइन सूत्राने काढला, तर ०.५४ मेगापास्कल येतात. वर हा आकडा टेन्साइलशी योगायोगाने बरा जुळतोही, आणि चूक वर्षानुवर्षं लपून राहते. म्हणून अहवालात ‘क्रॉसलिंक घनता’ लिहिताना कोणत्या चित्रातून, कोणत्या χ ने, आणि साखळ्या मोजल्यात की गाठी, हे तिन्ही लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला तो आकडा दुपटीच्या फरकाने कसाही लावता येतो.

दुसरा रस्ता: ताणून

आता त्याच शीटचा डम्बेल. हा प्रयोग सावकाश करायचा. मी हाताने थांबत थांबत ताणतो, प्रत्येक पायरीवर काही मिनिटं थांबून भार स्थिरावू देतो आणि ताणणी डम्बेलवर काढलेल्या दोन खुणांमधून मोजतो. जबड्यांच्या अंतरावरून कधीच नाही; जबड्यातून रबर सरकतं. मिळालेली वाचनं:

```
λ     σ (MPa)   σ/(λ − 1/λ²)
1.5    0.49        0.464
2.0    0.75        0.429
2.5    0.96        0.410
3.0    1.15        0.398
```

साधा सिद्धांत पूर्ण खरा असता, तर तिसऱ्या रकान्यातला आकडा प्रत्येक ताणणीला तोच आला असता, कारण तो G आहे. तो तर सतत उतरतोय. ही उतरण यंत्राच्या दोषाची नाही, ती रबराची आहे. मूनी यांनी १९४० मध्ये आणि रिव्हलिन यांनी नंतर जे रूप दिलं त्यात ती मांडता येते:

```
σ/(λ − 1/λ²) = 2C1 + 2C2/λ
```

तिसरा रकाना १/λ समोर आलेखात मांडा. या चार बिंदूंतून सरळ रेषा जाते, तिचा चढ ०.२० आणि १/λ = ० ला छेद ०.३३. म्हणून 2C1 = ०.३३ आणि 2C2 = ०.२० मेगापास्कल.

आता फुगवणीतून आलेल्या ०.३२५ शी 2C1 ची तुलना करा. इतकं नेमकं जुळणं हा थोडा नशिबाचा भाग आहे, χ ची गोष्ट आत्ताच सांगितली. पण दोन्ही साधारण एकाच जागी येणं हा नशिबाचा भाग नाही. फुगलेल्या रबरात साखळ्या सैल सुटलेल्या असतात, आणि जास्त ताणलेल्या रबरातही त्यांच्यावरची आपापसातली बंधनं ढिली पडतात. दोन्ही प्रयोगांत जाळ्याचा मूळ सांगाडाच बोलतो.

2C2 कुठून येतो? मोठ्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. क्युअर होताना त्यांतले बरेच गुंते दोन गाठींमध्ये कायमचे अडकतात. थोड्या ताणणीला हे गुंते गाठींसारखंच काम करतात, शेजारच्या साखळ्या प्रत्येक साखळीला एका अरुंद नळीत कोंडून ठेवतात. जास्त ताणलं की ही कोंडी सुटत जाते. बिनकाजळीच्या नैसर्गिक रबरात 2C2 बहुधा ०.२ मेगापास्कलच्या आसपासच राहतो. गंधक कमीजास्त केला तर प्रामुख्याने 2C1 हलतो. नेहमीच्या मऊ कंपाउंडच्या अंदाजाला हे फार उपयोगी पडतं.

सुरुवातीची तफावत आता सुटते. अगदी थोड्या ताणणीला λ जवळजवळ १ असतो, म्हणून G = 2C1 + 2C2 = ०.५३ आणि E = ३ × ०.५३ = १.५९ मेगापास्कल. हार्डनेसच्या सुईखाली रबर थोडंच दबतं, म्हणून ३८ शोअर एने १.६ सांगितलं. दुप्पट ताणल्यावर 2C2 अर्धाच उरतो, म्हणून १०० टक्के मॉड्युलसवरून १.२९ निघाला. फुगवणीत तो जवळजवळ नाहीसाच होतो, म्हणून तिथून तिप्पट करून आलेला E एक मेगापास्कलच्या खाली राहतो. तिन्ही आकडे खरे आहेत, एकाच जाळ्याचे आहेत, फक्त वेगवेगळ्या ताणणीवर विचारलेले. तुम्हाला माउंट किंवा बुशची कडकपणा-गणना करायची असेल तर १.६ घ्या. जाळ्यात किती गाठी आहेत हे हवं असेल तर 2C1 किंवा फुगवणी. १०० टक्के मॉड्युलस बॅच-तपासणीपुरता ठेवा.

मूनीचा आलेख कुठवर चालतो तेही सांगायला हवं. λ १.२ च्या खाली बिंदू विखुरतात, कारण तिथे λ − 1/λ² फार लहान असतो आणि डम्बेल किंचित ढिला किंवा वाकलेला असला तरी भागाकार वाट्टेल तिकडे जातो. λ तीन-साडेतीनच्या वर रेषा वर वळते. तिथे साखळ्या पुऱ्या ताठ होऊ लागतात आणि नैसर्गिक रबर ताणाखाली स्फटिक होऊ लागतं. ते स्फटिक नव्या गाठींसारखे वागतात. म्हणून ३०० टक्के मॉड्युलसवरून ν काढू नका. १.३ ते ३ एवढ्याच पट्ट्यात रेषा ओढा. मॅस्टिकेशनचाही परिणाम ध्यानात ठेवा. मिलवर रबर जास्त वेळ फिरवलं की मूळ साखळ्या तुटतात, लटकती टोकं वाढतात, आणि लटकती टोकं ताण पेलत नाहीत. त्यासाठी G ला (1 − 2Mc/M) ने गुणतात, M म्हणजे क्युअरच्या आधीचं साखळीचं मोलवजन. M दीड लाख असलं तर आमच्या Mc ला ही कपात नऊ टक्के येते. तेच रबर मिलवर घासून M ऐंशी हजारांवर आणलं तर साडेसतरा टक्के, आणि गंधक तोच असूनही शीट मऊ निघते.

बॅच मऊ निघाली तेव्हा

हे सगळं व्यवहारात कसं लागतं त्याचा एक प्रसंग. एका मोल्डिंगच्या कारखान्यात मी होतो तेव्हा याच कंपाउंडच्या बुशची एक खेप मऊ आली. हार्डनेस ३४, १०० टक्के मॉड्युलस ०.६१. पहिला संशय गंधक तोलणाऱ्यावर गेला आणि त्या माणसाला दोन दिवस विनाकारण ऐकून घ्यावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

फुगवून बघितलं तर φ ०.१९१ ऐवजी ०.१७० आला. ν निघाला १.०१ × १०⁻⁴, तेवीस टक्क्यांनी कमी. म्हणजे 2C1 ०.२५ च्या आसपास. त्यात जुना 2C2 मिळवला तर १०० टक्के मॉड्युलस यायला हवा (०.२५ + ०.१०) × १.७५ = ०.६१, आणि E १.३५, जो ३४ शोअर एला बसतो. तिन्ही मोजमापं एकच गोष्ट सांगत होती: गाठी खरंच कमी आहेत. हार्डनेस मीटर बिघडलेला नाही की डम्बेल वाईट कापलेले नाहीत.

गाठी कमी असण्याची तीन कारणं संभवत होती: गंधक कमी पडला, क्युअर अपुरा झाला, किंवा क्युअर जास्त होऊन रिव्हर्शन झालं. नुसत्या ν वरून ही तीन वेगळी करता येत नाहीत. वेगळं करायची सोपी युक्ती म्हणजे तोच तुकडा पुन्हा प्रेसमध्ये, १५० अंशांवर दहा मिनिटं घालायचा. अपुरा क्युअर असेल तर ν वाढतो. गंधक कमी असेल तर फारसा बदलत नाही. रिव्हर्शन झालेलं असेल तर अजून घसरतो. आमचा ν घसरला. मग साच्यात थर्मोकपल घातला तर साचा १५० ऐवजी १६५ च्या पुढे चालत होता, आणि वेळ मात्र १५० अंशांसाठी ठरवलेलीच. जास्त तापमानाला पॉलिसल्फाइडचे लांब पूल तुटतात, त्यातला गंधक चक्रीय सल्फाइडमध्ये जातो किंवा साखळीला नुसता चिकटतो. गंधक तितकाच राहतो, गाठी मात्र कमी होतात. एका क्रॉसलिंकमागचे अणू ११ वरून १४ वर गेलेले दिसतात. रिओमीटरच्या आलेखातही १६५ अंशांना टॉर्क शिखरावर जाऊन खाली वळताना स्वच्छ दिसला. तो आलेख आधीच काढला असता तर दोन दिवस वाचले असते.

पूल लांब आहेत की आखूड हे थेट बघायचं असेल तर रासायनिक रस्ता आहे. प्रोपेन-२-थायॉल आणि पिपरिडीन यांचं द्रावण फक्त पॉलिसल्फाइडचे पूल तोडतं, हेक्सेन-१-थायॉल पिपरिडीनमध्ये घेतलं तर डायसल्फाइडही तोडतं. आधी, मध्ये आणि नंतर फुगवून ν मोजला की फरकातून प्रत्येक जातीचा वाटा मिळतो. मात्र हे द्रव अत्यंत दुर्गंधी आणि घातक आहेत, काम नायट्रोजनखाली आणि चांगल्या फ्यूम हूडमध्येच करायचं. साध्या उत्पादन-तपासणीला याची गरज पडत नाही.

काजळी घातली तर

तुमचं पुढचं कंपाउंड बहुधा काजळीचं असेल, म्हणून थोडक्यात. ५० भाग कार्बन ब्लॅक म्हणजे आकारमानाने साधारण २० टक्के. गुथ आणि गोल्ड यांचं सूत्र:

```
E = E0 (1 + 2.5φf + 14.1φf²)
```

φf = ०.२० ला गुणक येतो २.०६. तुमचा E0 १.६ असेल तर E ३.३, म्हणजे ५८ शोअर एच्या आसपास. प्रत्यक्षात त्याहून काही अंक जास्त निघेल, कारण जास्त स्ट्रक्चरच्या काजळीच्या खोबणींत अडकलेलं रबर ताणलं जात नाही आणि तेही काजळीसारखंच वागतं. शिवाय थोड्या ताणणीला काजळीच्या कणांचं स्वतःचं जाळं E वाढवतं आणि किंचित ताणलं की ते तुटतं. म्हणून काजळीच्या रबराचा E सांगताना तो किती ताणणीला आणि कितव्या फेरीत मोजला ते सांगावंच लागतं. पहिली फेरी आणि पाचवी फेरी यांत ठळक फरक पडतो.

आणि काजळीच्या कंपाउंडवर मूनीची रेषा ओढून ν काढू नका; त्या छेदात काजळीचा वाटा मिसळलेला असतो. ν हवा असेल तर त्याच रेसिपीचा बिनकाजळीचा सोबती-नमुना बनवा, दोन्हीचा क्युअर रिओमीटरवर वेगवेगळा तपासून बरोबर t90 ला, म्हणजे नव्वद टक्के क्युअरच्या वेळेला, थांबवा, आणि फुगवणी त्या सोबत्यावर करा. काजळी क्युअरचा वेग बदलते. दोघांना घड्याळाने सारखी मिनिटं दिली तर एक अपुरा राहतो आणि दुसरा उतरणीला लागलेला असतो.